पुरात मदतीचा ट्रक नेमका अडतो कुठे? एका व्हॉट्सॲप फॉरवर्डचा प्रवास

ऑगस्ट 2019. कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होती आणि मी पुण्यात एका मदत संकलन केंद्रावर खोके चिकटपट्टीने बंद करत बसलो होतो. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला: "गावात 500 लोक अडकलेत. अन्न नाही, पाणी नाही. कृपया जास्तीत जास्त फॉरवर्ड करा." खाली गावाचं नाव आणि एक मोबाइल नंबर. नंबर लागत नव्हता.

आम्ही फार विचार केला नाही. रात्रीत एक आयशर टेम्पो भरला. त्यात पाण्याच्या बाटल्यांचे 150 खोके, बिस्किटं, घरोघरून आलेल्या चपात्या आणि उरलेल्या जागेत कपड्यांची गाठोडी. पहाटे टेम्पो निघाला. कऱ्हाडच्या अलीकडे महामार्गावर ट्रकची रांग लागली होती, तिथेच तो थांबला. तो गावात पोचला तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं, चपात्यांना बुरशी आली होती आणि गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात आमच्याआधी आलेल्या तीन गाड्यांच्या बाटल्या रचून ठेवलेल्या होत्या. तिथल्या एका ताईंनी विचारलं, "दादा, डेटॉल आणलंय का? घर धुवायला काही आणलंय का?" आम्ही त्यातलं काहीच नेलं नव्हतं.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, दोन पुरांत प्रत्यक्ष काम केलं, आणि लक्षात आलं की आमचं चुकलं ते कऱ्हाडच्या रांगेत नाही. टेम्पो भरायच्या आधीच चुकलं होतं. आपत्तीत मदत पोचवण्याच्या या कामाला मदतीचं लॉजिस्टिक्स म्हणतात. ते कसं चालतं ते आपण त्या एका मेसेजच्या मागे मागे जाऊन बघू.

आधी थोडं गणित: पाणी फार जड असतं

पुरात अडकलेल्या माणसाला पहिली गरज पिण्याच्या पाण्याची. पण चहूकडे पाणी असताना पिण्याचं पाणी का संपतं? कारण शहराला पाणी देणारे पंप नदीकाठीच असतात. कोल्हापुरात पूर चढला की शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्यात जातात, मोटारी बंद कराव्या लागतात. मग पूर ज्या घरात शिरलेला नाही त्या घराचाही नळ कोरडा पडतो.

आता समजा, 1000 लोकवस्तीचं एक गाव चार दिवस तुटलं आहे. नुसतं पिण्यासाठी माणशी दिवसाला 3 लिटर धरू. म्हणजे दिवसाला 3000 लिटर, चार दिवसांत 12,000 लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे हे 12 टन झालं.

आता खाणं. चिवडा, बिस्किटं, भडंग, शेंगदाणे, गूळ असं न शिजवता खाता येणारं माणशी दिवसाला अर्धा किलो धरलं तर पोट भरतं. 1000 माणसं, चार दिवस, अर्धा किलो: 2 टन. म्हणजे पाण्याचं वजन खाण्याच्या सहापट!

गावाला जायला फक्त बोट आहे आणि ती एका फेरीत 500 किलो नेते असं धरा. खाण्यासाठी चार फेऱ्या पुरतात. पाण्यासाठी 24 फेऱ्या लागतात. चढवणं, जाणं, उतरवणं, परत येणं यात एका फेरीला दोन तास गेले तर दिवसाच्या उजेडात पाच फेऱ्या होतात. म्हणजे एक बोट जवळजवळ पाच दिवस नुसत्या बाटल्या वाहत बसेल, आणि गाव तुटलंय चारच दिवस. शिवाय त्याच बोटीतून गरोदर बाई, डायलिसिसचा पेशंट, म्हातारी माणसं बाहेर काढायची असतात ते वेगळंच.

आमच्या टेम्पोचं बघा. 150 खोके, प्रत्येकात 12 बाटल्या. 1800 लिटर. चार टनांच्या टेम्पोतली जवळपास निम्मी क्षमता खाऊन आम्ही 600 माणसांचं एका दिवसाचं पाणी नेत होतो.

मग जाणकार लोक काय करतात? ते पाणी नेत नाहीत, पाणी पिण्याजोगं करायची सोय नेतात. क्लोरीनच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. ज्या गोळीवर 20 लिटरसाठी असं लिहिलेलं असतं ती घेतली, तर 12,000 लिटरला 600 गोळ्या लागतील. त्या शाळेच्या दप्तरात मावतात. बोटीच्या 24 फेऱ्यांचं काम एका दप्तरात!

अर्थात गोळी म्हणजे जादू नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच झटापट करून संपतं, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी चौपदरी कापडातून गाळायचं, मग गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. आणि पाण्यात डिझेल किंवा शेतातलं कीटकनाशक मिसळलं असेल तर गोळी ते काढू शकत नाही. म्हणून बुडालेल्या विहिरीऐवजी उंचावरची बोअर, पावसाचं पन्हाळीतून धरलेलं पाणी असा स्रोत शोधावा लागतो. पाणी साठवायला झाकणाचे कॅन आणि कुणीतरी समजावून सांगणारा माणूसही गोळीबरोबर जावा लागतो. पहिल्या काही तासांत, लहान बाळांसाठी आणि दवाखान्यासाठी बाटल्या हव्यातच. पण चार दिवसांची योजना बाटल्यांवर आखली की ती वजनाखालीच मोडते.

साठा आधी ठेवायचा, पण पाण्याच्या कुठल्या बाजूला?

गोळ्या, ताडपत्र्या, कोरडं खाणं, बोटी, जनरेटर हे सगळं पूर यायच्या आधीच जवळ आणून ठेवायचं, याला पूर्वसाठा म्हणू. कल्पना साधी आहे. रस्ता चालू असतानाच वजन हलवायचं.

महाराष्ट्रात याचं एक चांगलं उदाहरण पूरमदतीच्या बातम्यांत सहसा दिसत नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आलं की तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि हे बहुतेक प्रत्येक पावसाळ्यात होतं. अशा आदिवासी भागांत नवसंजीवनी योजनेखाली पावसाळ्याच्या महिन्यांचं रेशनचं धान्य आधीच पोचवून ठेवतात. इथे ट्रक पुराशी शर्यत लावत नाही. तो मे-जूनमध्येच कोरड्या रस्त्याने जाऊन आलेला असतो.

या पद्धतीत एक हुशारी लपलेली आहे. पूर्वसाठ्याची मोठी अडचण म्हणजे पूर आलाच नाही तर माल पडून राहतो, उंदीर लागतात, औषधांची मुदत संपते. रेशनचं धान्य मात्र पूर येवो न येवो, लोक खाणारच असतात. साठा आपोआप फिरत राहतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसच्या पाकिटांना ही सोय नसते. म्हणून त्यांची नोंद मुदतीच्या तारखेप्रमाणे ठेवावी लागते आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी दवाखान्यांना वापरायला द्यावा लागतो. एका गोदामात मी गोळ्यांचे खोके उघडले तेव्हा वरची रांग ताजी होती आणि खालच्या दोन रांगांची मुदत संपून वर्ष झालं होतं. यादीत मात्र सगळे खोके "उपलब्ध" होते. तेव्हापासून साठ्याच्या यादीत मुदतीची तारीख नसेल तर मी ती यादी अर्धीच धरतो.

दुसरा प्रश्न जागेचा. कोल्हापूरच्या उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडून पुणे-बंगळूर महामार्ग शहराकडे येतो. 2019 मध्ये तिथे महामार्गावरच पाणी आलं आणि साधारण आठवडाभर वाहतूक बंद राहिली. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झालं. म्हणजे पुण्यातलं किंवा कऱ्हाडातलं गोदाम कितीही भरलेलं असो, शिरोलीला पाणी आलं की कोल्हापूर शहरासाठी ते नसल्यासारखंच. दक्षिणेकडून आणावं म्हटलं तर 2019 मध्ये निपाणीजवळ यमगर्णी इथे वेदगंगेचं पाणी त्याच महामार्गावर आलं होतं. दोन्हीकडची दारं एकदम बंद!

म्हणून गोदामाची जागा ठरवताना किलोमीटर मोजून भागत नाही. मी नकाशावर आधी पूर आल्यावर तुटणारे रस्ते खोडतो. मग जे तुकडे उरतात त्यांना बेटं समजतो. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे, तिथे अशी बेटं कितीतरी तयार होतात. प्रत्येक बेटावर थोडा साठा हवा. एका मोठ्या गोदामातल्या 1000 किटपेक्षा पाच बेटांवरचे 150-150 किट जास्त उपयोगी पडतात, जरी एकूण आकडा कमी असला तरी. त्या बेटावरची खोली उंचावर असावी, आणि तिची किल्ली बेटावरच राहणाऱ्या माणसाकडे असावी. ही दुसरी अट हसण्यावारी नेऊ नका. किल्लीवाले साहेब नदीच्या पलीकडे राहतात हा अनुभव मी घेतलेला आहे.

39 फूट म्हणजे गाडी सुटायची वेळ

उरलेला माल शेवटच्या क्षणी हलवायचा तर तो क्षण कोणता? कोल्हापूरकरांना हा आकडा पाठ असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं.

या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे आपल्या हातातला वेळ. समजा पाणी तीन तासांना एक फूट चढतंय. 39 ते 43 म्हणजे चार फूट, म्हणजे 12 तास. त्यात गाडी मिळवायला दोन तास, भरायला तीन, रस्त्याला चार, उतरवायला दोन. झाले 11! म्हणजे 39 फुटांना निर्णय घेतला तर जेमतेम जमतं, आणि 41 ला बैठक बोलावली तर गाडी रांगेत अडकणार हे तेव्हाच ठरलेलं असतं. वरती राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, त्यामुळे चढण्याचा वेग मध्येच बदलूही शकतो.

म्हणून चांगल्या योजनेत "परिस्थिती पाहून निर्णय घेऊ" असं वाक्य नसतं. "39 फूट झाले की या तीन गाड्या निघतील, कुणाला विचारायचं नाही" असं असतं. त्यातली एखादी फेरी फुकट जाईल, पाणी 40 वरून उतरेल. तो डिझेलचा खर्च आधीच धरून ठेवायचा.

रस्ता बंद आहे हे मोबाइलला कसं कळतं?

इथे आपल्या सगळ्यांच्या हातातल्या फोनचा संबंध येतो. नकाशाच्या ॲपमध्ये रस्ता लाल-हिरवा दिसतो तो मुख्यतः त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनच्या वेगावरून. पण बुडालेल्या रस्त्यावर फोनच नसतात. गर्दी असली तर ॲपला कळते. रिकामा रस्ता पाण्यामुळे रिकामा आहे की पहाटेचे चार वाजलेत म्हणून, हे त्याला आपणहून कळत नाही. कुणीतरी बंद म्हणून कळवावं लागतं, आणि गावाकडच्या आतल्या रस्त्यांबाबत ते सहसा उशिरा होतं. मग ॲप महामार्ग सोडून एखादा "जवळचा" मार्ग सुचवतं, आणि तो नेमका ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून जातो.

आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरमामांना मी तसा एक मार्ग उत्साहाने दाखवला होता. त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "तुझ्या मोबाइलला फरशीवरनं किती पाणी वाहतंय ते दिसतंय का?" मी गप्प बसलो. साधारण एक फूट वाहत्या पाण्यात लहान कार तरंगायला लागते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्यांचा ताबा सुटतो. फरशीवर पाणी आहे एवढं कळून उपयोग नाही, ते किती खोल आणि किती वेगात आहे ते कळावं लागतं.

उपग्रहाची मदत होते. ढग असले तरी रडार असलेले उपग्रह जमीन बघू शकतात. त्यांच्या लहरी शांत पाण्यावरून आरशासारख्या दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून पाणी चित्रात काळं दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रही पुराचे नकाशे काढतं. पण उपग्रह त्याच जागेवर परत यायला काही दिवस जातात, आणि दाट घरांमध्ये किंवा झाडांखाली साचलेलं पाणी त्याला नीट दिसत नाही. त्यामुळे तालुक्यात किती भाग बुडाला हे त्यावरून छान कळतं. अमुक पुलावरून आत्ता ट्रॅक्टर जाईल का, हे मात्र पुलाजवळ उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

आणि पाणी ओसरलं म्हणजे रस्ता सुरू झाला असंही नाही. पुरात पुलाच्या खांबाखालची माती वाहून जाते. वरून डांबर धड दिसतं, खाली आधार नसतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. म्हणून अभियंत्यांनी पाहणी केल्याशिवाय जड वाहनं सोडत नाहीत. रांगेत उभं राहून शिव्या घालणाऱ्यांमध्ये मीही होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

महामार्ग अंशतः सुरू झाला तेव्हाही सगळे एकदम सुटले नाहीत. आधी पाणी, इंधन अशा अत्यावश्यक मालाची वाहनं. हा क्रम बरोबरच आहे, कारण डिझेल नसेल तर बोट, जनरेटर आणि पाण्याचा टँकर तिन्ही थांबतात. आमच्या टेम्पोत वर कपड्यांची गाठोडी दिसत होती. तपासणाऱ्या पोलिसांनी एक नजर टाकली आणि आम्हाला बाजूला घेतलं. खाली औषधं असती तरी त्यांना ती दिसली नसती. तेव्हापासून मी एका गाडीत एकाच प्रकारचा माल भरतो आणि काचेवर मोठ्या अक्षरांत यादी लावतो.

शेवटचा टप्पा बहुतेक वेळा ट्रकचा नसतोच. मोठा ट्रक डांबरी रस्ता संपेपर्यंत, तिथून ट्रॅक्टर-ट्रॉली, तिथून बोट. म्हणून प्रत्येक खोका एका माणसाला उचलता येईल एवढा, 10-12 किलोचा हवा. आणि बोटीत माणसं असोत की माल, तिची क्षमता ओलांडायची नाही. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटी कमी होत्या आणि लोक घाबरलेले होते. पाण्याच्या बाटल्या वाहण्यात गुंतलेली प्रत्येक बोट म्हणजे लोकांना काढायला एक बोट कमी, हे मघाचं गणित इथे जिवाशी येऊन भिडतं.

तीन गाड्या एका गावाला आणि शेजारच्याला एकही नाही

आता पुन्हा त्या मेसेजकडे येऊ. गावातल्या तलाठी भाऊसाहेबांना मी नंतर विचारलं, तेव्हा कळलं की मेसेज खरा होता. पण तो आमच्याकडे यायच्या दोन दिवस आधीचा होता. त्यावर तारीख नव्हती. त्याच दिवशी गावातल्या बहुतेकांना निवारा केंद्रात हलवलं होतं, मेसेज मात्र फिरतच राहिला. तो आमच्यासारख्या चार ठिकाणी पोचला आणि चौघांनी स्वतंत्रपणे एकेक गाडी पाठवली. जवळच दुसरी एक वाडी होती. तिथे टॉवर बंद, त्यामुळे मेसेज नाही, त्यामुळे गाडीही नाही. "ज्यांचा आवाज येत नाही तिथं आधी बघावं लागतं, साहेब," असं ते म्हणाले.

समन्वय म्हणजे एवढंच की सगळ्यांनी एकाच यादीत बघायचं. 2018 च्या केरळच्या पुरात keralarescue.in या साइटवर लोकांच्या मागण्या एकत्र केल्या गेल्या आणि त्या तपासायला स्वयंसेवक फोनवर बसले. कारण एकाच कुटुंबासाठी पाच नातेवाईक पाच मागण्या नोंदवतात. सुटका होऊन गेल्यावर मागणी बंद करायला मात्र कुणीच येत नाही. अशा यादीचं खरं काम मागणी नोंदवणं हे नसून मागणी बंद करणं हे आहे.

आम्ही आता साधी स्प्रेडशीट वापरतो. प्रत्येक मागणीला एक क्रमांक, आणि तिची अवस्था या चारपैकी एक: तपासली, कुणीतरी घेतली, गाडी निघाली, पोचली. "घेतली" लिहिलेल्या मागणीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. "निघाली" लिहून 12 तास झाले आणि "पोचली" आलं नाही तर फोन करायचा. आणि यादीत ज्या वाड्यांचं नावच नाही त्यांची वेगळी यादी रोज सकाळी काढायची. गावाच्या सगळ्या वाड्यांची नावं समोर ठेवून ज्यांच्याकडून 24 तासांत काहीच आलेलं नाही त्यावर खूण करायची. भाऊसाहेबांचं वाक्य आम्ही असं स्प्रेडशीटमध्ये बसवलं.

काय पाठवायचं तेही दिवसागणिक बदलतं. पहिले दोन-तीन दिवस न शिजवता खायचं, पाण्याची सोय, औषधं, सॅनिटरी पॅड, टॉर्च. निवारा केंद्रात चूल पेटली की तांदूळ, डाळ, तेल. पाणी ओसरलं की फावडी, खराटे, ब्लीचिंग पावडर, फिनेल, गमबूट, चटया. आमच्या टेम्पोत पहिल्या दिवसाचा माल होता आणि आम्ही सातव्या दिवशी पोचलो. निघताना "आज काय हवंय" असं विचारून उपयोग नसतो, "पोचू त्या दिवशी काय लागेल" हे विचारावं लागतं.

मेसेज असा लिहा

तुमच्या भागात पूर आला आणि मदत मागायची वेळ आली, तर सगळ्यात आधी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा. यादी तिथे असते. त्याशिवाय मेसेज पाठवायचा असेल तर तो असा असावा:

```
तारीख-वेळ: 8 ऑगस्ट, सकाळी 7:30
कुठे: गाव, वाडी, ओळखीची खूण
लोकेशन: 16.6912, 74.6034
किती: 42 माणसं (बाळं 3, गरोदर 1)
काय हवं: इन्सुलिन, पाण्याच्या गोळ्या
रस्ता: बोटच लागेल, पुलावर पाणी
आत्ता तिथे असलेला माणूस: नाव, फोन
हा मेसेज उद्या सकाळी 7:30 नंतर रद्द
```

लोकेशनचे आकडे इथे फक्त नमुन्यासाठी आहेत. पण त्यात टिंबानंतर चार आकडे का घेतलेत ते बघा. दोनच आकडे दिले तर जागा साधारण एक किलोमीटरपर्यंत चुकू शकते, चार दिले तर सुमारे 11 मीटरपर्यंत. अंधारात बोट घेऊन येणाऱ्याला हा फरक फार मोठा असतो. फोनच्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते थेट उपग्रहांचे सिग्नल घेतं. त्यामुळे नेट गेलं तरी नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर दाबून धरलं की हे आकडे मिळतात, आणि ते साध्या एसएमएसने पाठवता येतात. डेटा बंद पडला असताना एसएमएस पुष्कळदा जातो. तुमच्या तालुक्याचा ऑफलाइन नकाशा मात्र जूनमध्येच उतरवून ठेवा, पुराच्या दिवशी तो उतरणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची. रद्द होण्याची वेळ. ती नसती तर काय होतं ते आमच्या टेम्पोने दाखवलं. आणि फॉरवर्ड करणाऱ्यासाठी नियम एकच: ज्या मेसेजवर तारीख-वेळ नाही, त्याच्या नंबरवर आधी फोन करा. नंबर लागला नाही तर ग्रुपवर टाकू नका, नियंत्रण कक्षाला कळवा. कदाचित ती खरी अडकलेली माणसं असतील, तेव्हा शोध घेणारा माणूस तिथून निघायला हवा, पुण्याहून बिस्किटांचा टेम्पो नव्हे.

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही माल उतरवला नाही. भाऊसाहेबांनी एका पोराला आमच्याबरोबर दिलं आणि टेम्पो शेजारच्या वाडीकडे वळवला. कच्च्या रस्त्यावर गाळ होता, शेवटचा अर्धा किलोमीटर खोके डोक्यावरून न्यावे लागले. तिथे आमच्या बाटल्या त्याच संध्याकाळी संपल्या. कपड्यांची गाठोडी मात्र आम्ही जशीच्या तशी परत आणली.